दोन पाळ्यांच्या मधला संसार

भोसरीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातला कामगार आणि पिंपरीतल्या एका रुग्णालयातली स्टाफ नर्स असे एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. दिघीत दोन खोल्यांचे घर, चार वर्षांची मुलगी आणि गावाहून राहायला आलेली आजी. हे जोडपे म्हणजे कोणी एकच नवरा-बायको नव्हेत. पुणे, नाशिक किंवा संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात अशी घरे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या दिवसाचे गणित थोड्याफार फरकाने सारखेच असते. म्हणूनच हे उदाहरण घड्याळ लावून पाहण्यासारखे आहे.

त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. फर्स्ट शिफ्ट सकाळी साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते रात्री साडेअकरा आणि थर्ड साडेअकरा ते सकाळी साडेसहा. कंपनीच्या बसला जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास लागतो. तिची ड्युटी बहुतेक सकाळची, आठ ते अडीच. तिला साडेपाचला उठावे लागते आणि सात-वीसला घर सोडावे लागते, दुपारी तीनपर्यंत ती परत येते. महिन्यातून एकदा तिच्या रात्रपाळ्या लागतात. त्या रात्री आठ ते सकाळी आठ अशा सलग बारा तासांच्या असतात. दोघांचा पगार वेळेवर होतो, मुलीकडे पाहायला आजी आहे. तरी ‘आम्ही भेटतो कुठे?’ हा प्रश्न या घरात आठवड्यातून एकदा तरी निघतोच.

या प्रश्नाला सध्या एक ताजी पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या तासांची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा आणि दुकाने-आस्थापनांसाठी नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटी पाळून सर्व प्रकारच्या आस्थापनांत रात्रपाळी करता येईल, ही तरतूद त्यांत आहे. त्यावर झालेली चर्चा वाहतूक, सुरक्षा, ओव्हरटाइमचा दर आणि स्त्रियांच्या संधी यांभोवती फिरली आणि ते रास्तही होते. पण संमतीच्या कागदावर एका व्यक्तीची सही असली, तरी वेळापत्रक बदलते ते दोघांचे. जिथे आजवर एकाचीच पाळी फिरत होती, अशा अनेक घरांत आता दोघांच्याही फिरतील. त्या घरांतली झोप आणि जवळीक कशी टिकते, याबद्दल विज्ञानाकडे सांगण्यासारखे बरेच काही आहे.

नाव रात्रपाळीचे, नुकसान सेकंडचे

शरीराला झोप येते ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा शीण. जितके जास्त जागाल तितका झोपेचा दाब वाढतो. दुसरी म्हणजे मेंदूतले जैविक घड्याळ. हे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते आणि दिवस-रात्र पाहून शरीराचे तापमान, मेलाटोनिन व इतर संप्रेरके वर-खाली करते. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि जागे राहणे तेव्हाच सर्वांत कठीण जाते. उलट सकाळी नऊनंतर घड्याळ शरीराला उठवायच्या मागे लागलेले असते. त्यामुळे रात्रभर काम करून आलेला माणूस शिणाच्या जोरावर आठ वाजता पटकन झोपतो, पण एक-दीडला आपोआप जागा होतो आणि परत डोळा लागत नाही. रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप साधारण एक ते चार तासांनी कमी भरते, ती यामुळे. त्याची इच्छाशक्ती कमी पडत नाही, घरातल्यांचा आवाजही दर वेळी कारण नसतो.

हे घड्याळ पुढे-मागे सरकते, पण फार हळू, ढोबळ मानाने दिवसाला तासभर. आठवड्याने पाळी बदलणाऱ्याचे शरीर रात्रीशी थोडेफार जुळवून घ्यायला लागते तोवर पाळी बदललेली असते. म्हणून फिरत्या पाळीतल्या माणसाने ‘सवय होईल’ या भरवशावर राहू नये. काहींना इतरांपेक्षा कमी त्रास होतो, पण तो भाग बराचसा वयाचा आणि स्वभावतः लवकर किंवा उशिरा उठण्याच्या प्रकृतीचा असतो.

झोपेच्या हिशेबात थर्ड शिफ्ट सर्वांत वाईट, यात शंका नाही. पण दिघीच्या त्या घरात एकत्र वेळेचा हिशेब मांडला की उत्तर वेगळे येते. थर्डच्या आठवड्यात तो सकाळी सातला घरी येतो, ती सात-वीसला निघते. मात्र दुपारी तीनला ती परतते तेव्हा तो उठलेला असतो आणि रात्री अकराला निघेपर्यंत घरात असतो. कागदावर हे आठ तास होतात. निघण्याआधी त्याने साडेआठ ते सव्वादहा अशी डुलकी काढली, जी रात्रपाळीआधी काढावीच, तरी सहा तास उरतात. फर्स्टच्या आठवड्यात तो साडेतीनला घरी येतो आणि संध्याकाळ दोघांची असते.

सेकंडच्या आठवड्यात मात्र तो दुपारी अडीचला निघतो आणि ती तीनला पोहोचते. कंपनीची बस आणि तिची रिक्षा एकाच रस्त्याने विरुद्ध दिशांना जातात. तो रात्री बारानंतर घरी येतो. दोघेही जागे असण्याची एकत्र वेळ शून्य.

मग घर काय करते? ती जागी राहते. बारा वाजता ती त्याला गरम भाकरी करून देते, दोघे बोलतात, एक वाजतो. साडेपाचला तिचा गजर होतो. झोप झाली साडेचार तास. तिला सात तास लागतात असे धरले तर सहा दिवसांत ४२ तासांऐवजी २७ तास. तूट १५ तासांची, म्हणजे दोन पूर्ण रात्रींहून थोडी जास्तच. या आठवड्यात त्याच्या पाळीला कोणी रात्रपाळी म्हणत नाही आणि ती तर जनरल वेळेत काम करते आहे. म्हणून सहाव्या दिवशी तिची जी चिडचिड होते तिचे कारण कोणालाच सापडत नाही. सासूला वाटते सून त्रासिक झाली, नवऱ्याला वाटते ही आता आपल्याशी नीट बोलत नाही. तो तर कामावरून येऊन दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत झोपलेला असतो, त्याला तूट दिसण्याचे कारणच नाही.

पाळीच्या घरांतली ही सर्वांत नेहमीची चूक आहे. एकत्र वेळ झोपेच्या खात्यातून काढली जाते आणि बहुतेक वेळा ती बाईच्या झोपेतून निघते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे जातात असे दिसले. ज्याच्या दिवसात आधीच पाच तास घरकाम आहे त्याच्याकडे भरपाईची डुलकी काढायला दुपार उरत नाही.

अर्धवट झोपेचा नात्यावर होणारा परिणाम

झोप कमी झाली की जोडप्यात नेमके काय बिघडते? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ॲमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी २०१४ मध्ये जोडप्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री झोप नीट न झालेल्यांनी दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी अधिक वाद झाल्याचे नोंदवले. प्रयोगशाळेत वादाच्या विषयावर बोलायला बसवले, तेव्हा समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे कमी झोपलेल्यांना नीट जमले नाही. विशेष म्हणजे दोघांपैकी एकाची झोप बिघडली असली तरी संवाद ढासळत होता. हे अभ्यास अमेरिकी, बहुतांश तरुण जोडप्यांवरचे आहेत. आजी, मुलगी आणि दोन खोल्या असलेल्या घराला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी ‘तुला माझे काही पडलेलेच नाही’ हे वाक्य सेकंड शिफ्टच्या पाचव्या दिवशी का निघते, याचा धागा त्यांत मिळतो.

शारीरिक ओढीचेही तेच. शिकागो विद्यापीठातील राशेल लेप्रू आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी २०११ मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये १७१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या. त्यांत रात्री एक तास झोप जास्त झाली की दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी शरीरसंबंध होण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पहिला अभ्यास अगदी छोटा आहे आणि दुसऱ्यातल्या स्त्रिया विद्यार्थिनी होत्या, तेव्हा आकडे घोकण्यात अर्थ नाही. दिशा मात्र एकच आहे. थकलेल्या शरीराची इच्छा ओसरते आणि ती झोपेबरोबर परत येते.

डॉक्टरांपुढे हा विषय निघतो तेव्हा उलट समज घेऊन निघतो. पुरुषाला वाटते आपल्यात काही कमी आले, तो जाहिरातीतली औषधे आणतो. स्त्रीला वाटते आपल्यावरचे प्रेम आटले. दोघांनी आधी एक साधी नोंद करून पाहावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आणि झोपेचे तास लिहावेत आणि दुरावा कोणत्या आठवड्यात येतो ते तीन फेऱ्या पाहावे. तो ठरावीक पाळीलाच येत असेल तर कारण बहुधा पाळीत आहे. फर्स्टच्या आठवड्यात, पुरेशी झोप होऊनही तो तसाच राहत असेल तर मधुमेह, रक्तदाबाची औषधे, थायरॉइड, नैराश्य किंवा नात्यातलेच काही, असे इतर शोध घ्यावे लागतात.

नात्याच्या टोकाच्या परिणामाबद्दल सर्वांत जास्त सांगितला जातो तो अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरिएट प्रेसर यांचा २००० सालचा अभ्यास. लग्नाला पाच वर्षे न झालेल्या, मुले असलेल्या पुरुषांपैकी जे कायम रात्रपाळीत होते, त्यांच्यात दिवसपाळीवाल्यांपेक्षा विभक्त होण्याची शक्यता सुमारे सहापट दिसली. लग्नाला पाच वर्षांहून अधिक झालेल्या, मुले असलेल्या स्त्रियांत ती सुमारे तिप्पट होती. मुले नसलेल्या जोडप्यांत मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ताण येतो तो रात्र, मूल आणि घरकाम या तिन्हींच्या गाठीतून. महाराष्ट्रातल्या घरांत घटस्फोटाचा आकडा तेवढा वाढलेला दिसणार नाही. इथे नाते तुटण्याऐवजी कोरडे होते. रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला ‘ओव्हर’ देते, कोणत्या खाटेवर कोण आहे आणि कोणते इंजेक्शन राहिले आहे ते सांगते. पाळीच्या घरांत नवरा-बायकोचे बोलणेही हळूहळू तेवढ्यावर येते. गॅसचा नंबर लावला, मुलीला ताप आहे, डबा ओट्यावर आहे.

झोप कोणी मोडायची?

या पेचातून बाहेर पडायला एक साधा नियम उपयोगी पडतो. भेटीसाठी कोणाची तरी झोप मोडणार असेल, तर ती त्याच दिवशी भरून काढू शकणाऱ्याने मोडावी.

दिघीच्या घरात सेकंडच्या आठवड्यात हा नियम लावला की चित्र बदलते. तिने रात्री साडेदहाला झोपायचे, भाजी-भाकरी झाकून ठेवायची आणि त्याने आल्यावर स्वतः गरम करून घ्यायची. तो एकला झोपतो. सकाळी सव्वासहाला तो उठतो. म्हणजे सव्वापाच तास झाले. सव्वासहा ते सात-वीस हा तास दोघांचा. चहा तो करतो, मुलीचे आवरतो आणि ती डबा भरता भरता बोलते. ती गेल्यावर मुलीला बालवाडीत सोडून साडेनऊ ते साडेअकरा तो पुन्हा झोपतो. दुपारी अडीचला निघायचे असल्याने त्याला ही झोप परवडते. तिची झोप सात तास राहते, त्याची दोन तुकड्यांत मिळून सात तासांच्या आसपास जाते.

तुकड्यांची झोप चालते का, ही शंका रास्त आहे. सलग झोप केव्हाही चांगली, पण रोज ठरलेल्या वेळी निदान चार तासांचा एक तुकडा मिळाला तर जैविक घड्याळाला खुंटा मिळतो आणि ते भरकटत नाही, असे मँचेस्टर विद्यापीठातील डेव्हिड मायनर्स आणि जेम्स वॉटरहाउस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. सेकंडमध्ये रात्री एक ते पाच हा तुकडा शाबूत राहतो. म्हणून ही मोडतोड शरीर सोसते. सकाळची झोप मात्र खरोखर व्हायला हवी. ‘आज राहू दे, गॅसवाला यायचा आहे’ असे तीन दिवस झाले की नुकसान फक्त दुसऱ्याच्या खात्यावर गेलेले असते. मशीनवर काम करणाऱ्याच्या बाबतीत ते हाताच्या बोटांवर बेतू शकते.

हा बदल ऐकायला सोपा आहे, घरात आणायला अवघड. नवरा कामावरून आल्यावर बायको झोपलेली असणे हे अनेक घरांत, विशेषतः सासूसमोर, बरे दिसत नाही. गरम वाढणे ही इथे प्रेमाची खूण मानली गेली आहे. ‘अहो, मी आज जागत नाही, सकाळी बोलू’ हे तिने म्हणण्यापेक्षा ‘तू झोप, मी घेईन गरम करून’ हे त्याने आजीच्या देखत म्हटले तर काम लवकर होते. एका वाक्याचा फरक आहे, पण घरात कोणाच्या तोंडून ते निघते याला वजन असते.

मग त्या सकाळच्या तासाचे काय करायचे? तिथेही ‘ओव्हर’ शिरला तर फायदा नाही. ज्या जोडप्यांना हे जमते ती व्यवहाराचे बोलणे वेगळे काढतात. रेशन, फी, हप्ता, दुरुस्ती हे सगळे फ्रीजवरच्या कागदावर किंवा फोनवरच्या संदेशात लिहायचे. चहाच्या वेळी ते काढायचे नाही. चहा वीस मिनिटांचा असला तरी चालतो, पण तो रोजच्या ठरल्या वेळी आणि फोन बाजूला ठेवून व्हावा. कामावर असताना पाठवलेला आवाजातला निरोप लेखी निरोपापेक्षा जवळचा वाटतो, फक्त ज्याची झोपेची वेळ आहे त्याच्या फोनचा आवाज बंद हवा. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात दुपारी अकरा वाजता ‘जेवलात का?’ म्हणून केलेला फोन मायेचाच असतो, पण तो पाच तासांच्या झोपेतला दीड तास खाऊन जातो, कारण उठलेले शरीर त्या वेळी परत झोपत नाही.

सगळे गुरुवार सारखे नसतात

पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पाळी बदलते तीही या सुट्टीनंतर. लग्न, बारसे, सासुरवाडी, जेजुरी आणि नवरा-बायकोचा निवांतपणा असे सगळे या एका दिवसावर येऊन पडते. पण हे गुरुवार एका मापाचे नसतात.

फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमाने पाळ्या फिरत असतील तर फर्स्ट संपते बुधवारी दुपारी तीनला आणि सेकंड सुरू होते शुक्रवारी तीनला. मध्ये ४८ तास मिळतात. सेकंड बुधवारी रात्री साडेअकराला संपते, थर्ड शुक्रवारी रात्री साडेअकराला लागते. पुन्हा ४८ तास. पण थर्डची शेवटची रात्र बुधवारी सुरू होऊन गुरुवारी सकाळी साडेसहाला संपते आणि फर्स्ट शुक्रवारी सकाळी साडेसहाला उभी असते. कागदावर सुट्टी तीच, हातात मात्र २४ तास, तेही रात्रभर जागलेल्या शरीराचे. तीन गुरुवारांपैकी हा तिसरा गुरुवार सुट्टीचा धरूच नये.

त्या दिवशी आठ ते साडेदहा एवढीच झोप घ्यावी, गजर लावून उठावे, दुपार उजेडात घालवावी आणि रात्री साडेनऊला झोपावे. दुपारी तीनपर्यंत झोपून राहिले तर रात्री डोळा लागत नाही आणि शुक्रवारी पाचला उठताना हाल होतात. या दिवशी दुचाकीवर लांबचा प्रवास करू नये. मोठे विषय, म्हणजे जमीन, कर्ज, भावाचा वाटा, काढू नयेत. जवळिकीची अपेक्षाही या दिवशी ठेवली तर बहुधा दोघांच्या पदरी निराशा येते. एक जण झोपेने जड झालेला असतो आणि दुसरा आठवडाभर वाट पाहिलेला. संध्याकाळी मुलीला घेऊन चालत बागेपर्यंत जाणे, लवकर जेवणे, एवढे पुरे. पहिले दोन गुरुवार मात्र खरे असतात. पाहुणे आणि कार्यक्रम त्यांतल्या एकावर ढकलून दुसरा दोघांसाठी मोकळा ठेवणे जमते का, ते आधीच पाहावे.

तिची सुट्टी गुरुवारी नसते, ती ड्युटी लिस्टवर फिरत असते. इन्चार्ज सिस्टरकडे दर गुरुवार मागितला तर मिळणार नाही, कारण तिच्यासारख्या आणखी चार जणी तेच मागत असतात. पण तीन आठवड्यांतून एक ठरावीक गुरुवार, तोही महिनाभर आधी तारीख सांगून, बऱ्याचदा मिळतो. त्याऐवजी दिवाळीतली किंवा रविवारची ड्युटी घ्यायची तयारी दाखवली तर अधिकच.

तिच्या रात्रपाळ्या कोणत्या आठवड्यात लागतात यालाही तेवढेच महत्त्व आहे. ती रात्री सात-वीसला निघते, सकाळी पावणेनऊला परतते. या रात्री त्याच्या सेकंडच्या आठवड्यात आल्या तर ती आल्यापासून झोपेपर्यंतचा जेमतेम तास दोघांना मिळतो. त्याच्या थर्डमध्ये आल्या तर दोघे दिवसा एकाच वेळी झोपतात, तीन ते सात एकत्र असतात, पण रात्रभर मुलगी एकट्या आजीवर पडते. त्याच्या फर्स्टच्या आठवड्यात आल्या तर तो रात्री घरी असतो, ती साडेनऊ ते तीन झोपते आणि साडेतीन ते सात-वीस असे जवळपास चार तास दोघे जागे असतात. तो पहाटे सहाला निघतो तेव्हापासून ती येईपर्यंतचा वेळ आजी सांभाळते. तेव्हा रजेची किंवा अदलाबदलीची एकच संधी असेल तर ती या जुळणीसाठी वापरावी.

दिवसा झोपण्याची जागाही दोन खोल्यांत शोधावी लागते. आतल्या खोलीच्या खिडकीला जाड चादर किंवा काळा कागद, दारावरची बेल बंद, पंख्याचा एकसुरी आवाज चालू आणि कुकर शिट्टीवर लावायचा तो झोपेच्या आधी किंवा नंतर, एवढ्याने बराच फरक पडतो. झोप यावी म्हणून दारू घेण्याची सवय पाळीच्या कामगारांत दिसते. तिने डोळा लवकर लागतो, पण झोप दोन-तीन तासांत तुटते आणि घरातल्या वादाला आणखी एक निमित्त मिळते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. पाळीमुळे झोप न लागणे किंवा कामावर डोळे मिटणे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल, किंवा जोडीदाराला घोरताना श्वास अडकल्यासारखा ऐकू येत असेल, तर ते सवयीवर न सोडता दाखवावे. घोरण्याचा आजार पाळीच्या थकव्याआड वर्षानुवर्षे लपून राहतो.

बारा तासांचा दिवस आला तर

नव्या मर्यादेनुसार बारा तासांच्या पाळ्या लागल्या, तर दिघीच्या या तक्त्याचे काय होईल? आठवड्याचे ४८ तास तेच राहणार असल्याने बारा तासांचे चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी अशी रचना शक्य आहे. कामाच्या दिवशी बारा तास पाळी, एक तास बस, सात तास झोप. उरतात चार तास, त्यांत आंघोळ, जेवण, मूल, सगळे. त्या चार दिवसांत जोडप्याला काही मिळणार नाही हे धरूनच चालावे लागेल. पण तीन सुट्ट्या खरोखर हातात पडल्या, तर सेकंड शिफ्टचा शून्य तासांचा आठवडा जातो आणि अनेक जोडप्यांना तो सौदा परवडेल. मात्र त्याच निर्णयात तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली आहे. १४४ तास म्हणजे बारा तासांच्या बारा पाळ्या, महिन्याला चार. तीन सुट्ट्यांतली एक दर आठवड्याला ओव्हरटाइममध्ये जाणे त्यामुळे सहज शक्य आहे, आणि घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस दुप्पट दराच्या कामाला नाही म्हणेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

या सगळ्या आकडेमोडीची एक अट आहे. पाळी आधी कळली पाहिजे. कायम कामगाराला तीन आठवड्यांनंतरची पाळी आजच सांगता येते, म्हणून सकाळचा चहा, खरा गुरुवार आणि रात्रपाळीची जुळणी ठरवता येते. त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला उद्याची पाळी आज संध्याकाळी फोनवर कळते. कधी सेकंड संपवून गेटवर आल्यावर ‘सकाळी फर्स्टला ये’ असे सांगितले जाते. मध्ये सात तास, त्यांत येणे-जाणे. वस्तू आणि जेवण पोहोचवणाऱ्या तरुणांचे तर ॲपवरचे तास पावसाने आणि सणाने बदलतात. कामाचे तास किती असावेत यावर कायद्यात भरपूर मजकूर आहे. ते किती दिवस आधी सांगावेत यावर कामगार संघटनांच्या मागणीपत्रांतही फारसे दिसत नाही. दिघीच्या त्या घरात फ्रीजवर महिन्याचा कागद चिकटवलेला आहे, निळ्या शाईत त्याच्या पाळ्या, लाल शाईत तिच्या. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, ठेक्यावर काम करणाऱ्या नवरा-बायकोकडेही फ्रीज आहे. त्यावर लावायला कागद नाही.